७१ आणि ६९ यांच्यात एकच प्रश्न असतो : प्रमाणपत्र मंडळांना खुले पत्र

राज्यातील दिव्यांगत्व प्रमाणपत्र मंडळांवर काम करणारे डॉक्टर आणि चिकित्सा मानसशास्त्रज्ञ यांस,

सप्रेम नमस्कार.

मुलांच्या बुद्धिमापन चाचण्या घेणे, त्यांचे अहवाल लिहिणे आणि इतरांनी लिहिलेले अहवाल वाचणे हे माझे रोजचे काम आहे. आईवडील प्लॅस्टिकच्या पिशवीतून फाइल काढून समोर ठेवतात. वरच्याच कागदावर ‘बुद्ध्यंक : ७१’ एवढी ओळ, खाली सही आणि शिक्का. चाचणीचे नाव कधी असते, कधी नसते. हा आकडा किती इकडेतिकडे होऊ शकतो, हे मात्र जवळजवळ कुठेच लिहिलेले नसते. त्या एका आकड्यावर पुढे मुलाची शाळा, सवलत आणि प्रमाणपत्रावरची टक्केवारी ठरते.

माझी मागणी एवढीच आहे की मापनातली त्रुटी दाखवल्याशिवाय कोणत्याही मुलाचा आकडा अहवालात लिहू नये. आणि ती त्रुटी धरून आकडा ७० सारख्या सीमारेषेच्या दोन्ही बाजूंना पोहोचत असेल, तर फक्त त्या आकड्यावर निर्णय देऊ नये. ही मागणी का करते आहे, ते आपल्याच टेबलावरच्या चाचणीपासून सांगते.

बिने-कामत चाचणी आपल्या सरकारी रुग्णालयांत अजूनही सर्रास वापरली जाते. कामतांनी १९३० च्या दशकात धारवाडच्या भागातल्या कानडी आणि मराठी मुलांसाठी ती बसवली. तिचा हिशेब आपल्याला पाठ आहे. ज्या वयपातळीवरचे सगळे प्रश्न मूल सोडवते ते पायाभूत वय धरायचे. त्यावरच्या प्रत्येक पातळीवर जेवढे प्रश्न सुटले तेवढे महिने त्यात मिळवायचे. एका वर्षाला सहा प्रश्न असले, की एका प्रश्नाला दोन महिने. सगळे मिळून मानसिक वय आले, की त्याला प्रत्यक्ष वयाने भागून शंभरने गुणायचे.

आता एक मुलगी घेऊ. मुलगी काल्पनिक आहे, गणित खरे आहे. तिला आठ वर्षे पूर्ण, म्हणजे ९६ महिने. पायाभूत वय चार वर्षे, म्हणजे ४८ महिने. पाचव्या वर्षाचे पाच प्रश्न आले, त्याचे १०. सहाव्याचे तीन आले, त्याचे ६. सातव्याचे दोन आले, त्याचे ४. आठव्या वर्षाचा एकही आला नाही, तिथे थांबलो. एकूण ६८ महिने. ६८ भागिले ९६, गुणिले १०० म्हणजे ७०.८. अहवालात लिहिले ७१.

सातव्या वर्षाच्या त्या दोन प्रश्नांतला एक आकड्यांची मालिका ऐकून तशीच परत म्हणण्याचा होता असे धरा. मालिका वाचून दाखवत असतानाच दाराबाहेरून कोणी स्ट्रेचर ढकलत नेले, मुलीची मान तिकडे वळली आणि मधला आकडा निसटला. प्रश्न चुकला. मानसिक वय ६६ महिने, बुद्ध्यंक ६८.७५, अहवालात ६९. मुलगी तीच, सकाळ तीच, आणि ती ७० च्या पलीकडून अलीकडे आली.

तारखेनेही तेच होते. तिला ते ६८ महिन्यांचे श्रेय मिळाले, पण गर्दीमुळे चाचणीची तारीख दोन महिने पुढे गेली असे समजा. आता वय ९८ महिने. ६८ भागिले ९८, गुणिले १०० म्हणजे ६९.४. दोन महिन्यांत मुलगीही थोडी वाढली असणार, तिच्या गतीने साधारण दीड महिना. पण चाचणी दोन-दोन महिन्यांच्या पायऱ्यांनी मोजते, दीड महिन्याची वाढ तिला दिसेलच असे नाही. म्हणजे तारीख कधीची मिळाली, यावरसुद्धा मूल रेषेच्या कोणत्या बाजूला पडते हे अवलंबून राहते.

हे बिने-कामत चाचणीचे वैगुण्य म्हणून मी सांगत नाही. नव्या, महागड्या, चकचकीत पेटीतल्या चाचण्यांतही हेच होते, फक्त तिथे ते डोळ्यांना कमी दिसते. कोणतीही चाचणी मुलाला येणाऱ्या सगळ्या गोष्टी विचारू शकत नाही. त्यांतल्या काही निवडून एका दिवशी, एका खोलीत, एका माणसाकडून विचारल्या जातात. त्यामुळे मिळालेल्या गुणात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात : मुलाचा खरा गुण आणि त्या दिवशीची त्रुटी. खरा गुण म्हणजे तेच मूल तशाच असंख्य चाचण्यांना, आधीचे काहीही लक्षात न ठेवता बसले असते तर आलेली सरासरी. ती कोणालाच दिसत नाही. पण आपले गुण तिच्याभोवती साधारण किती हेलकावतात, ते काढता येते. त्यालाच मापनाची प्रमाण त्रुटी म्हणतात.

सूत्र एका ओळीचे आहे :

SEM = SD × √(1 − r)

SD म्हणजे चाचणीचे प्रमाण विचलन. १०० सरासरीच्या आजच्या बहुतेक बुद्धिमापन चाचण्यांत ते १५ असते. r म्हणजे चाचणीचा विश्वसनीयता गुणांक, तो मॅन्युअलमध्ये वयोगटानुसार छापलेला असतो. r ०.९६ असेल तर त्रुटी १५ गुणिले ०.२, म्हणजे ३ गुण. r ०.९१ असेल तर १५ गुणिले ०.३, म्हणजे ४.५ गुण. ०.९१ ऐकायला उत्तम वाटते, शंभरातले एक्क्याण्णव. तरीही त्रुटी पहिल्या चाचणीच्या दीडपट झाली. विश्वसनीयतेचा आकडा आणि गुणांमधली प्रत्यक्ष त्रुटी यांचे नाते मनाला चटकन उमगत नाही. म्हणून मॅन्युअलमधला r बघून समाधान न मानता दर वेळी त्याचे गुणांत रूपांतर करावे.

त्रुटी हाती आली की तिला १.९६ ने गुणायचे, आणि ९५ टक्क्यांची विश्वास-मर्यादा मिळते. गुण ७१ आणि त्रुटी ३ असेल तर मर्यादा ६५ ते ७७. त्रुटी ४.५ असेल तर ६२ ते ८०. दोन्ही चाचण्या चांगल्या, दोन्हींत गुण ७१ च, आणि दोन्हींची मर्यादा ७० ची रेषा ओलांडते. ‘७१ आहे, म्हणजे ७० च्या वर आहे’ हे वाक्य या दोन्ही अहवालांवरून कोणालाच छातीठोकपणे म्हणता येणार नाही.

या ९५ टक्क्यांचा अर्थही नीट सांगायला हवा, कारण आईवडिलांना तो बऱ्याचदा चुकीचा सांगितला जातो. ‘मुलाने शंभर वेळा चाचणी दिली तर ९५ वेळा ६५ ते ७७ मध्येच गुण येतील’ असा तो अर्थ नव्हे. आपण पुष्कळ मुलांसाठी याच पद्धतीने मर्यादा काढत गेलो, तर दर शंभरातल्या साधारण ९५ मर्यादांत त्या-त्या मुलाचा खरा गुण सापडेल. उरलेल्या पाचांत तो बाहेर राहील, आणि ती पाच मुले कोणती हे कळायला मार्ग नसतो. दिवसाला वीस मुले बघणाऱ्या मंडळाच्या टेबलावरून यातले सरासरी एक मूल रोज जाते.

आणखी एक बाब आहे, ती आपल्यातल्या जाणत्यांकडूनही निसटते. फार कमी गुण मिळवणाऱ्या मुलांत, त्या दिवशी त्रुटी विरुद्ध गेलेली मुले थोडी जास्त असतात. फार जास्त गुण मिळवणाऱ्यांत, त्रुटी पथ्यावर पडलेली थोडी जास्त. म्हणून खऱ्या गुणाचा उत्तम अंदाज मिळालेल्या गुणापेक्षा सरासरीच्या बाजूला किंचित सरकलेला असतो. r ०.९६ असलेल्या चाचणीत ७१ मिळाले, तर १०० पासूनचे अंतर २९, त्याला ०.९६ ने गुणले की २७.८, म्हणून अंदाज ७२.२. त्याभोवतीची मर्यादा येते ६६ ते ७८. वेक्स्लरच्या मुलांसाठीच्या चाचणीच्या अलीकडच्या आवृत्त्यांत मर्यादा अशाच काढतात, म्हणून तिथल्या तक्त्यात त्या गुणाच्या दोन्ही बाजूंना सारख्या दिसत नाहीत. कोणी विचारले की ‘वरच्या बाजूला सात आणि खालच्या बाजूला पाच कसे?’, तर उत्तर हे आहे. छपाईची चूक समजून ते ‘दुरुस्त’ करू नये.

आता प्रमाणपत्राच्या टक्केवारीकडे येते, कारण खरी कळ तिथे आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात लक्षणीय दिव्यांगत्वाचा उंबरठा ४० टक्के आहे. २०१८ साली केंद्राने मूल्यमापनाच्या ज्या सूचना काढल्या, त्यांत बौद्धिक दिव्यांगत्वाची टक्केवारी व्हाइनलँड सामाजिक परिपक्वता श्रेणीच्या गुणावरून पट्ट्यांत दिली : ५५ ते ६९ गुणांना ५० टक्के, ७० ते ८४ गुणांना २५ टक्के. मधे काहीही नाही. ६९ चे मूल उंबरठ्याच्या आत, ७० चे बाहेर. सूचना पुढे २०२४ मध्ये सुधारल्या गेल्या, पण पट्ट्या आणि त्यांच्या कडा जिथे जिथे आहेत, तिथे माझे म्हणणे लागू पडते.

व्हाइनलँडच्या भारतीय आवृत्तीत ८९ कलमे आहेत. मूल काय करते, हे आपण बहुधा आईला विचारतो आणि सामाजिक वय काढून प्रत्यक्ष वयाने भागतो. म्हणजे गणित वरच्यासारखेच, एका कलमाचे वजन काही महिन्यांचे. पण इथे त्रुटीचा आणखी एक झरा मिळतो : उत्तर देणारी व्यक्ती. शाळेत एकटे जाणे हे पाच ते सहा वर्षांच्या टप्प्यातले कलम घ्या. गावात शाळा चार घरे सोडून असेल तर मूल जाते. ठाण्यात किंवा पिंपरीत मोठा रस्ता ओलांडायचा असेल तर धडधाकट आठ वर्षांच्या मुलालाही आई एकटे सोडत नाही. ती म्हणते, “मी पाठवतच नाही हो.” या उत्तराचे काय करायचे? मुलाला जमत नाही, की जमले असते पण संधी मिळाली नाही? संधी नसल्याची नोंद वेगळी करायची असते, आणि शेजारची कलमे पाहून तिला श्रेय द्यायचे की नाही ते ठरवायचे असते. बाहेर चाळीस माणसे ताटकळत असताना ते होतेच असे नाही. एका मुलाखतकाराने अधिक चिन्ह दिले, दुसऱ्याने वजा, आणि मूल एका पट्टीतून दुसऱ्या पट्टीत गेले. आईऐवजी आजी आली असती तरी कदाचित तेच झाले असते.

तपासणी दुसऱ्यांदा होते तेव्हा एका आकड्याचा त्रास आणखी वाढतो. दोन वर्षांपूर्वी ८४, आता ७६. आईवडील हादरलेले असतात. कोणीतरी त्यांना ‘बुद्ध्यंक घसरला’ असे सांगितलेले असते, आणि मग मोबाइल, आईची नोकरी, शाळेचे माध्यम, सगळ्यांवर खापर फुटते. पण दोन गुणांतल्या फरकाची त्रुटी प्रत्येक गुणाच्या त्रुटीपेक्षा मोठी असते, कारण दोन्हीकडची त्रुटी तिच्यात येते. दोन्ही त्रुटींचे वर्ग मिळवून वर्गमूळ काढायचे. दोन्ही वेळी ४.५ असेल तर फरकाची त्रुटी ६.४, आणि तिला १.९६ ने गुणले की १२.५. म्हणजे या चाचणीवर साधारण तेरा गुणांपेक्षा कमी फरक निव्वळ हेलकाव्यानेही पडू शकतो. आठ गुणांच्या फरकावरून मूल घसरले असे म्हणायला आधार नाही. दोन वेळा दोन वेगवेगळ्या चाचण्या घेतल्या असतील, तर फरकाचा अर्थ लावणे आणखी कठीण, कारण तिथे तुलनेची फूटपट्टीच बदललेली असते. उलट बाजूही लक्षात ठेवा. एखाद्या वर्गाने सहा महिन्यांत बुद्ध्यंक सात गुणांनी वाढवल्याचा दावा केला, तर त्यालाही हाच हिशेब लावावा.

विश्वास-मर्यादेवरही भलता भरवसा ठेवू नये. ती फक्त इकडेतिकडे हेलकावणारी त्रुटी मोजते. एकाच दिशेने ओढणारी चूक तिला दिसत नाही. घरी पावरी किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलाला प्रमाण मराठीत प्रश्न विचारले, तर त्याचा गुण खाली ओढला जातो, आणि मर्यादा त्या खाली ओढलेल्या गुणाभोवतीच व्यवस्थित आखली जाते. जुन्या मानकांचे उलटे आहे. नागपूरला काम करणाऱ्या मालिन यांनी वेक्स्लरच्या पहिल्या बालचाचणीवरून भारतीय मुलांसाठी केलेली चाचणी १९६९ च्या सुमाराची. पिढ्यांगणिक सरासरी कामगिरी वर सरकत गेल्याचे अनेक देशांत दिसले आहे, त्यामुळे जुन्या मानकांवर आजच्या मुलाचा गुण फुगून येण्याचा धोका असतो. रेषेच्या जवळच्या मुलासाठी याचा अर्थ असा, की खरी अडचण असूनही त्याचा आकडा ‘वर’ दिसू शकतो. म्हणून मर्यादेबरोबर चाचणीचे नाव, मानके कोणत्या काळातली आणि चाचणी कोणत्या भाषेत घेतली, हेही लिहायला हवे. शिवाय मॅन्युअलमधला r एकाच बैठकीतल्या प्रश्नांच्या एकवाक्यतेवरून काढला असेल, तर एका दिवसापासून दुसऱ्या दिवसापर्यंतचा फरक त्यात आलेलाच नसतो. मुलाला ताप होता, रात्री फिट आली होती, एसटीने चार तास प्रवास करून ते उपाशीपोटी आले होते, हे कोणत्याही सूत्रात बसत नाही. ते निरीक्षणात शब्दांनी लिहावे लागते.

‘शासनाला एक आकडा लागतो, रेषा कुठेतरी ओढावीच लागते’ असे मला पुष्कळदा ऐकवले जाते. रेषा ओढायला माझी हरकत नाही. मोजमापात त्रुटी नाहीच असे धरून ती ओढणे मला मान्य नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे २०१४ साली, हॉल विरुद्ध फ्लोरिडा या खटल्यात, नेमका हाच प्रश्न आला होता. प्रकरण मुलाचे नव्हते, फाशीची शिक्षा झालेल्या एका प्रौढ माणसाचे होते. फ्लोरिडात नियम असा, की बुद्ध्यंक ७० च्या वर असेल तर बौद्धिक दिव्यांगत्वाचा बाकीचा पुरावा ऐकायचाच नाही. हॉलचा एक गुण ७१ होता. मापनाची प्रमाण त्रुटी दुर्लक्षून ७० वर ताठर रेष ओढणे घटनाबाह्य आहे, असा निकाल न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी दिला. गुण त्रुटीच्या पट्ट्यात पडत असेल तर त्या माणसाला रोजच्या जगण्यातल्या अडचणींचा पुरावा मांडू द्यावा लागेल, असे सांगितले. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१३ च्या निदान-पुस्तिकेतही ७० च्या आजूबाजूला पाच गुण त्रुटीसाठी सोडून ६५ ते ७५ असा पट्टा दिला आहे. आणि बौद्धिक दिव्यांगत्वाची तीव्रता ठरवताना ती बुद्ध्यंकापेक्षा दैनंदिन कामकाजाला महत्त्व देते.

आपल्याकडे हे आणायला नवीन यंत्रसामग्री लागत नाही. अहवालात एका ओळीऐवजी दोन ओळी लागतात. उदाहरणार्थ : ‘एकूण गुण ७१, ९५ टक्के विश्वास-मर्यादा ६६ ते ७८. मर्यादा ७० च्या दोन्ही बाजूंना जात असल्याने केवळ या गुणावरून वर्गीकरण करता येत नाही.’ पुढे चाचणीचे नाव, आवृत्ती, भाषा आणि मुलाची त्या दिवशीची स्थिती. ज्या चाचणीचा विश्वसनीयता गुणांक तुमच्या मॅन्युअलमध्ये सापडत नाही, तिच्यासाठी मर्यादा मनाने काढू नका. ती उपलब्ध नाही असे लिहा, म्हणजे वाचणाऱ्याला सावध राहता येईल.

मर्यादा रेषा ओलांडत असेल तेव्हा मंडळाने आणखी पुरावा मागवावा : वर्गशिक्षकांचे लेखी निरीक्षण, शाळेच्या वह्या, पालकांशिवाय मुलाला ओळखणाऱ्या दुसऱ्या व्यक्तीची मुलाखत, शक्य असेल तर दुसऱ्या प्रकारची चाचणी. तीच चाचणी महिन्याभरात परत घेऊ नये, कारण सरावाने गुण वाढतो आणि गोंधळ वाढतो. सगळे पाहूनही प्रश्न सुटला नाही, तर मुदतीचे प्रमाणपत्र देऊन पुढच्या तपासणीची तारीख त्यावरच घालावी. मर्यादेतला सोयीचा टोकाचा आकडा उचलून लिहिणे मात्र टाळावे. प्रमाणपत्र मिळवून द्यायचे म्हणून ६६ आणि शाळेला मूल नको म्हणून ७८, हे दोन्ही सारखेच गैर आहे.

आईवडिलांना हे समजणार नाही, अशी शंका काही सहकारी काढतात. माझा अनुभव वेगळा आहे. ‘आज ७१ आले, पण चाचणीच्या ताकदीनुसार खरी जागा बहुधा ६६ ते ७८ च्या मध्ये कुठेतरी आहे, म्हणून आम्ही शाळेकडून आणखी माहिती मागवतो आहोत’ असे सांगितले, की शेतमजूर आईसुद्धा नीट समजून घेते. त्यानंतर ती जे प्रश्न विचारते तेही बरोबर असतात : शाळेकडून काय आणू, कधी येऊ, आणि तोपर्यंत मुलीला कोणत्या वर्गात बसवू.

आपली,
मुलांच्या चाचण्या घेणारी एक चिकित्सा मानसशास्त्रज्ञ